साठ, बारा आणि एक उणे चिन्ह
भिंगे व आरशांची उदाहरणे तपासताना

गोंदिया जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत दहावीच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका आम्ही दोघे शिक्षक मिळून तपासत होतो. प्रश्न अगदी नेहमीचा होता. २० सें.मी. नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर, भिंगापासून ३० सें.मी. अंतरावर, ५ सें.मी. उंचीची वस्तू मुख्य अक्षाला लंब ठेवली आहे. तर प्रतिमेचे स्थान, स्वरूप आणि उंची काढा.

उत्तरे तीन प्रकारची आली. पहिल्या प्रकारात प्रतिमेचे अंतर ६० सें.मी., विशालन −२, आणि प्रतिमा वास्तव, उलटी व १० सें.मी. उंचीची, असे लिहिले होते. दुसऱ्या प्रकारात प्रतिमेचे अंतर १२ सें.मी., विशालन ०.४, आणि प्रतिमा वास्तव, सुलट व २ सें.मी. उंचीची होती. तिसऱ्या प्रकारात अंतर पुन्हा ६० सें.मी. आले होते, पण विशालन +२ होते, आणि प्रतिमा 'वास्तव व सुलट' ठरवली होती.

पहिल्याला पूर्ण गुण देण्यात अडचण नव्हती. दुसऱ्याला शून्य आणि तिसऱ्याला एखादा गुण कापून बाकीचे सर्व, असे आमचे हात सवयीने चालू लागले. तेवढ्यात आमच्यापैकी एकाने दुसऱ्या प्रकारच्या उत्तरपत्रिकेतील पायऱ्या पुन्हा वाचल्या. त्या विद्यार्थ्याने सूत्र बरोबर लिहिले होते, आकडेमोड बरोबर केली होती, फक्त एका संख्येमागचे उणे चिन्ह लिहायचे राहिले होते. तिसऱ्याने मात्र एका पद्धतीचे सूत्र आणि दुसऱ्या पद्धतीचे विशालन एकत्र जोडले होते, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, उत्तर तर साठच आलं न!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. साठ आले होते. मग चूक कोठे होती, आणि ती केवळ उत्तर पाहून ओळखता येते का, याचा विचार या लेखात करू.

सूत्रातले उणे चिन्ह आले कोठून?

चिन्हांचा विचार थोडा वेळ बाजूला ठेवू आणि फक्त फूटपट्टीने मोजता येणाऱ्या लांब्या घेऊ. वस्तू भिंगापासून जितकी दूर आहे त्या लांबीला 'व' म्हणू, प्रतिमा जितकी दूर पडते तिला 'प' म्हणू, आणि भिंगापासून नाभीपर्यंतच्या लांबीला 'न' म्हणू. या तिन्ही नुसत्या लांब्या आहेत. त्यांना धन-ऋण काही नाही.

आता वहीत बहिर्वक्र भिंगाची नेहमीची आकृती काढावी. वस्तूच्या टोकापासून एक किरण प्रकाशीय केंद्रातून सरळ जातो. दुसरा किरण अक्षाला समांतर जाऊन भिंगावर पडतो आणि पलीकडच्या नाभीतून जातो. ते जेथे भेटतात तेथे प्रतिमेचे टोक. प्रकाशीय केंद्राच्या दोन्ही बाजूंना जे दोन समरूप त्रिकोण दिसतात, त्यांवरून प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची हे गुणोत्तर प/व इतके येते. नाभीच्या दोन्ही बाजूंना असेच दोन समरूप त्रिकोण आहेत. त्यांवरून तेच गुणोत्तर (प − न)/न इतके येते. दोन्ही समान मांडून प ने भागले की मिळते:

१/प + १/व = १/न

येथे अधिक चिन्ह आहे हे लक्षात ठेवावे. निसर्गातला संबंध हा आहे. आता यात कार्टेशियन चिन्ह संकेत आणू. या संकेतात प्रकाशीय केंद्र हा आरंभबिंदू, वस्तू नेहमी डावीकडे, प्रकाश डावीकडून उजवीकडे जाणारा, आणि आरंभबिंदूच्या उजवीकडची अंतरे धन व डावीकडची ऋण असतात. वस्तू डावीकडे असल्याने तिचे अंतर u ऋण आहे, म्हणजे 'व' ही लांबी −u इतकी झाली. प्रतिमा व दुसरी नाभी उजवीकडे असल्याने प = v आणि न = f. या किमती वरच्या संबंधात घातल्या की तो असा दिसतो:

1/v − 1/u = 1/f

पाठ्यपुस्तकातले भिंगाचे सूत्र ते हेच. त्यातले उणे चिन्ह प्रकाशाच्या कोणत्या नव्या गुणधर्मामुळे आलेले नाही. आपण u ला ऋण मानायचे ठरवले, त्याची ती भरपाई आहे. म्हणून चिन्ह दोन ठिकाणी येते, एकदा सूत्रात आणि एकदा संख्येत. दोन्ही ठिकाणी आले तर ती एकमेकांना काटतात आणि मूळचा अधिकाचा संबंध परत मिळतो. एकाच ठिकाणी आले, तर बेरजेची वजाबाकी किंवा वजाबाकीची बेरीज होते.

हाच विचार आरशाला लावू. अंतर्गोल आरशासमोर, नाभीच्या बाहेर वस्तू ठेवली तर लांब्यांचा संबंध पुन्हा तोच येतो, १/प + १/व = १/न. पण आरशात प्रकाश मागे वळतो. वस्तू, वास्तव प्रतिमा आणि नाभी, तिन्ही आरशाच्या डावीकडेच असतात. म्हणून व = −u, प = −v आणि न = −f. तिन्ही पदांत उणे आले, ते सर्व बाजूंनी निघून गेले, आणि उरले 1/v + 1/u = 1/f. भिंगाच्या सूत्रात उणे आणि आरशाच्या सूत्रात अधिक का, हे विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर एवढेच आहे.

विशालनाचेही तसेच. वास्तव प्रतिमा उलटी असते, म्हणून तिची उंची ऋण धरतात. तेव्हा −m = प/व. भिंगासाठी प/व म्हणजे v भागिले −u, म्हणून m = v/u. आरशासाठी प/व म्हणजे −v भागिले −u, म्हणून m = −v/u. भिंगाच्या सूत्रात जेथे उणे आहे तेथे विशालनात ते नाही, आणि आरशाच्या सूत्रात जेथे ते नाही तेथे विशालनात आहे. या उलटापालटीमुळेच पाठांतर फसते.

बारा कसे आले?

आता दुसऱ्या उत्तरपत्रिकेकडे वळू. विद्यार्थ्याने 1/v − 1/u = 1/f हे सूत्र लिहिले आणि त्यात u = ३०, f = २० घातले. त्यामुळे 1/v = १/२० + १/३० = १/१२, म्हणजे v = १२. सूत्रातले चिन्ह आले, संख्येतले आले नाही.

आमच्याकडच्या आणखी एका मुलीचेही उत्तर १२ होते, पण तिची वाट वेगळी होती. तिने u = −३० बरोबर लिहिले, पण सूत्र आरशाचे वापरले. 1/v + 1/u = 1/f मध्ये u = −३० घातले की पुन्हा 1/v = १/२० + १/३० होते. येथे संख्येतले चिन्ह आले, सूत्रातले आले नाही. दोन वेगळ्या चुका, पण उत्तर एकच. म्हणून '१२' एवढेच पाहून विद्यार्थ्याला काय समजले नाही ते सांगता येत नाही. त्यासाठी पायऱ्या पाहाव्या लागतात. पहिल्याला संकेत समजावायला हवा, दुसरीला दोन सूत्रांमधला फरक.

पण १२ हे उत्तर चूक आहे, एवढे मात्र पायऱ्या न पाहताही सांगता येते. बहिर्वक्र भिंगावर समांतर किरण पडले तर ते नाभीपाशी, म्हणजे २० सें.मी. वर, एकत्र येतात. ३० सें.मी. वरच्या वस्तूपासून येणारे किरण समांतर नसतात. ते एकमेकांपासून फाकत आलेले असतात. तेच भिंग फाकणाऱ्या किरणांना समांतर किरणांपेक्षा जवळ कसे एकत्र आणील? वास्तव प्रतिमा नाभीच्या पलीकडेच पडली पाहिजे. १२ हे २० पेक्षा कमी आहे, तेव्हा ते अशक्य आहे.

मग १२ हा आकडा कोणाचा? त्याच जागी २० सें.मी. नाभीय अंतराचे अंतर्वक्र भिंग ठेवले तर u = −३०, f = −२० घेऊन v = −१२ येते. म्हणजे वस्तूच्याच बाजूला १२ सें.मी. वर, सुलट, लहान, आभासी प्रतिमा. विशालन ०.४. विद्यार्थ्याचे १२, ०.४ आणि 'सुलट' हे सर्व तेथे सापडते; फक्त 'वास्तव' हा शब्द तेवढा बसत नाही. चिन्हाची चूक सहसा अर्थहीन उत्तर देत नाही, ती दुसऱ्याच कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर देते. म्हणूनच ती डोळ्यांना खटकत नाही.

साठ आले, तरी

तिसऱ्या उत्तरपत्रिकेत 1/v + 1/u = 1/f हे सूत्र भिंगासाठी वापरून u = ३०, f = २० घातले होते. त्यामुळे 1/v = १/२० − १/३० = १/६०. येथे सूत्रातही उणे नाही आणि संख्येतही नाही, म्हणजे आपला मूळचा लांब्यांचा संबंधच त्याने वापरला. त्यामुळे साठ येणारच.

ही पद्धत चुकीची नाही. 'वास्तव ते धन, आभासी ते ऋण' असा एक संकेत आहे आणि ब्रिटिश शालेय पुस्तकांत तो दीर्घकाळ वापरात होता. त्या संकेतात भिंगाला आणि आरशाला एकच सूत्र पुरते. पण मग त्याच संकेतात शेवटपर्यंत राहावे लागते. त्यात वास्तव वस्तूची वास्तव प्रतिमा उलटी असते, म्हणून विशालन m = −v/u असे घ्यावे लागते. विद्यार्थ्याने सूत्र 'वास्तव ते धन' या संकेतातले घेतले आणि m = v/u हे विशालन मात्र कार्टेशियन संकेतातले. तेव्हा ६०/३० = +२ आले आणि प्रतिमा सुलट ठरली.

येथे ती पकडायची कशी? एका वास्तव वस्तूची एकाच भिंगाने किंवा एकाच आरशाने पडणारी वास्तव प्रतिमा उलटीच असते आणि आभासी प्रतिमा सुलटच असते. 'वास्तव आणि सुलट' ही जोडी उत्तरात दिसली, की कोठेतरी दोन संकेत मिसळले आहेत हे नक्की. दुसऱ्या उत्तरपत्रिकेतही हीच जोडी होती, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

आम्ही दोघांनी मुलांना भिंग, मेणबत्ती आणि पांढरा पुठ्ठा घेऊन बसवले. आधी खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाची प्रतिमा पुठ्ठ्यावर घेऊन नाभीय अंतर जवळजवळ २० सें.मी. असल्याची खात्री केली. मग मेणबत्ती ३० सें.मी. वर ठेवली. पुठ्ठा १२ सें.मी. वर धरला तर त्यावर नुसता उजेडाचा धूसर ठिपका पडला. ज्योत कोठेच नाही. पुठ्ठा मागे नेत नेत साठीच्या आसपास आल्यावर ज्योत स्पष्ट झाली, सुमारे दुप्पट मोठी, आणि तिचे टोक खाली. 'सुलट' लिहिणारा मुलगा पुठ्ठ्याकडे पाहून हसला. साठ त्याचे बरोबर होते. उलटे-सुलटे मात्र ज्योतीने ठरवून दिले.

आरशात फसगत जास्त

भिंगाच्या उदाहरणात निदान 'वास्तव व सुलट' अशी विसंगती उघडी पडली. आरशाच्या उदाहरणात तीही आधाराला येईल असे नाही. हे उदाहरण पाहा. १५ सें.मी. नाभीय अंतराच्या अंतर्गोल आरशासमोर १० सें.मी. वर वस्तू ठेवली आहे.

कार्टेशियन संकेतानुसार u = −१०, f = −१५. म्हणून 1/v = −१/१५ + १/१० = १/३०, v = +३०. प्रतिमा आरशाच्या मागे ३० सें.मी. वर. m = −v/u = −३०/(−१०) = +३. प्रतिमा आभासी, सुलट, तिप्पट मोठी. दाढीचा आरसा असाच चालतो.

आता विद्यार्थ्याने f = +१५ घेतले असे समजा. 1/v = १/१५ + १/१० = १/६, v = +६, m = +०.६. उत्तर लिहिले जाते: प्रतिमा आरशामागे ६ सें.मी. वर, आभासी, सुलट, लहान. आभासी आणि सुलट ही जोडी अगदी जमली आहे. चिन्हे आपापसांत जुळतात. घाईत तपासणारा शिक्षक 'आभासी, सुलट' वाचून पुढे जाण्याची शक्यता आहे. चूक फक्त 'लहान' या शब्दात आहे. अंतर्गोल आरशातली आभासी प्रतिमा कधीच लहान नसते. लहान आभासी प्रतिमा बहिर्गोल आरसा देतो. आणि खरोखर, आलेले उत्तर १५ सें.मी. नाभीय अंतराच्या बहिर्गोल आरशाचेच आहे.

ही f च्या चिन्हाची चूक आमच्या भागात वारंवार दिसते, आणि तिचे एक कारण भाषेचे आहे. गोंदिया जिल्ह्याला उत्तरेकडे मध्यप्रदेश आणि पूर्वेकडे छत्तीसगड लागून आहे. हिंदीतून शिकलेली किंवा हिंदी मार्गदर्शिका वाचणारी मुले मराठी वर्गात असतात. एकीकडे अंतर्गोल-बहिर्गोल आरसा आणि अंतर्वक्र-बहिर्वक्र भिंग, तर दुसरीकडे अवतल-उत्तल दर्पण आणि अवतल-उत्तल लेन्स. 'उत्तल म्हणजे धन, अवतल म्हणजे ऋण' असे एखाद्याने पाठ केले तर कार्टेशियन संकेतात ते भिंगालाही चालते आणि आरशालाही. पण पुष्कळ मुले 'किरण एकत्र आणणारे ते धन' असे लक्षात ठेवतात. बहिर्वक्र भिंग किरण एकत्र आणते, त्याचे f धन. अंतर्गोल आरसाही किरण एकत्र आणतो, पण त्याचे f ऋण, कारण आरसा ते किरण मागे, म्हणजे डावीकडे, आणून भेटवतो.

v च्या चिन्हाचीही अशीच गोष्ट आहे. भिंगात v धन असेल तर प्रतिमा वास्तव. आरशात v धन असेल तर प्रतिमा आभासी. कारण v चे चिन्ह प्रतिमेची बाजू सांगते, तिचे स्वरूप सांगत नाही. भिंगातून प्रकाश खरोखर उजवीकडे जातो, म्हणून उजवीकडची प्रतिमा वास्तव. आरशाच्या उजवीकडे, म्हणजे मागे, प्रकाश जातच नाही, म्हणून तेथली प्रतिमा आभासी. 'प्रकाश खरोखर तेथे पोचतो का?' हा एकच प्रश्न विचारला, तर वेगळे पाठांतर करावे लागत नाही.

चिन्हाशिवाय पडताळा

आता तपासणाऱ्याच्या उपयोगाचे. ज्या पद्धतीने उत्तर काढले त्याच पद्धतीने ते तपासले, तर चिन्हाची चूक दुसऱ्यांदाही तशीच होते. पडताळा चिन्हाशिवायचा हवा. आम्हाला दोन उपयोगी पडले.

पहिला पडताळा मर्यादांचा. वस्तू वास्तव असेल तर एकत्र आणणाऱ्या साधनाची, म्हणजे बहिर्वक्र भिंगाची किंवा अंतर्गोल आरशाची, वास्तव प्रतिमा नाभीय अंतरापेक्षा दूर पडते, आणि आभासी प्रतिमा वस्तूपेक्षा दूर व मोठी असते. फाकवणाऱ्या साधनाची, म्हणजे अंतर्वक्र भिंगाची किंवा बहिर्गोल आरशाची, प्रतिमा नेहमी आभासी, सुलट व लहान असते. तिचे अंतर वस्तूच्या अंतरापेक्षाही कमी आणि नाभीय अंतरापेक्षाही कमी असते. वरची १२ आणि ६ ही दोन्ही उत्तरे या एका नजरेत बाद होतात.

दुसरा पडताळा न्यूटनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संबंधाचा. अंतरे भिंगापासून न मोजता नाभीपासून मोजायची. वस्तूचे पहिल्या नाभीपासूनचे अंतर गुणिले प्रतिमेचे दुसऱ्या नाभीपासूनचे अंतर, हा गुणाकार नाभीय अंतराच्या वर्गाइतका असतो. आरशाला एकच नाभी असल्याने दोन्ही अंतरे तिच्यापासूनच मोजायची. आपल्या भिंगाच्या उदाहरणात वस्तू डावीकडच्या नाभीपासून १० सें.मी. दूर आहे. प्रतिमा ६० वर, म्हणजे उजवीकडच्या नाभीपासून ४० दूर. १० × ४० = ४००, आणि २० चा वर्गही ४००. प्रतिमा १२ वर मानली तर १० × ८ = ८०; जुळत नाही. आरशाच्या उदाहरणात नाभी समोर १५ वर, वस्तू १० वर, म्हणजे त्यांच्यात ५ सें.मी. प्रतिमा मागे ३० वर, म्हणजे नाभीपासून ४५ सें.मी. ५ × ४५ = २२५, आणि १५ चा वर्ग २२५. मागे ६ सें.मी. वरच्या प्रतिमेला ५ × २१ = १०५; जुळत नाही. हा हिशेब समासात एका ओळीत होतो.

या पडताळ्याचीही मर्यादा आहे. तो नाभीपासूनची लांबी सांगतो, दिशा सांगत नाही. दुसऱ्या नाभीपासून ४० सें.मी. दूर असे दोन बिंदू आहेत: एक भिंगाच्या उजवीकडे ६० वर आणि दुसरा भिंगाच्या डावीकडे २० वर. कोणीतरी v = −२० लिहिले तर गुणाकार जुळेल. म्हणून आधी मर्यादा पाहाव्यात, मग गुणाकार करावा.

एक पडताळा मात्र फसवा आहे, तो टाळावा. 'वस्तू फार दूर नेली तर प्रतिमा नाभीवर आली पाहिजे' असे करून पुष्कळजण सूत्र तपासतात. पण वस्तू दूर गेली की 1/u शून्याकडे जाते, आणि त्याच्या मागचे चिन्ह चूक असो की बरोबर, v = f च येते. चूक जेथे लपली आहे तेच पद तेथे नाहीसे होते. त्याऐवजी वस्तू नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर ठेवून पाहावी. बरोबर रीतीने प्रतिमाही तितक्याच अंतरावर येते. २० सें.मी.च्या भिंगासमोर ४० वर वस्तू, तर प्रतिमा ४० वर. चिन्ह चुकले असेल तर सुमारे १३.३ येते आणि चूक लगेच दिसते.

u धन असू शकते का?

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगायला हवी, नाहीतर 'u नेहमी ऋण' हे नवे पाठांतर होऊन बसेल. समजा आपल्या भिंगाने ६० सें.मी. वर प्रतिमा पाडली असती, पण ती पडण्याआधीच, पहिल्या भिंगाच्या उजवीकडे ३० सें.मी. वर, २० सें.मी. नाभीय अंतराचे दुसरे बहिर्वक्र भिंग ठेवले. आता दुसऱ्या भिंगावर पडणारे किरण फाकत नाहीत. ते आधीच त्याच्या पलीकडे ३० सें.मी. वरच्या बिंदूकडे एकवटत निघालेले आहेत. दुसऱ्या भिंगाची 'वस्तू' उजवीकडे आहे, म्हणून u = +३०. 1/v = १/२० + १/३० = १/१२, म्हणजे v = १२ सें.मी.

दुसऱ्या उत्तरपत्रिकेतले १२ येथे अगदी बरोबर आहे. किरण आधीच एकवटत असल्याने ते नाभीच्या अलीकडे भेटतात, यात अशक्य काही नाही. मर्यादांच्या पडताळ्यात 'वस्तू वास्तव असेल तर' ही अट आम्ही घातली ती याचसाठी. चिन्ह परिस्थितीवरून ठरते, सवयीवरून नाही.

गुण कसे दिले?

शेवटी आम्ही असे ठरवले. उत्तराच्या सुरुवातीला विद्यार्थ्याने कोणता संकेत घेतला ते एका ओळीत लिहावे, आणि दिलेल्या प्रत्येक राशीसमोर चिन्हासह किंमत मांडावी. या मांडणीला एक गुण. त्या मांडणीनुसार पुढचे गणित सुसंगत असेल तर त्याचे गुण. आणि शेवटचे वाक्य, म्हणजे प्रतिमा कोठे व कशी, हे परिस्थितीशी जुळते का याचा एक गुण. या हिशेबाने दुसऱ्या उत्तरपत्रिकेला शून्य मिळाले नाही. सूत्राचे व आकडेमोडीचे गुण तिला मिळाले, मांडणीचा व निष्कर्षाचा गुण गेला. तिसऱ्या उत्तरपत्रिकेचेही तेवढेच गुण झाले, मात्र तिच्यात गेलेले गुण विशालनाचे व निष्कर्षाचे होते. 'साठ' पाहून दिलेले गुण आणि 'बारा' पाहून कापलेले गुण, दोन्ही आम्हाला बदलावे लागले.

पाठ्यपुस्तकात कार्टेशियन संकेत आहे, म्हणून वर्गात तोच शिकवावा आणि तोच वापरायला सांगावे. पण एखाद्याने 'वास्तव ते धन' असे स्पष्ट लिहून शेवटपर्यंत तेच पाळले असेल, तर त्याला भौतिकशास्त्र समजले आहे, एवढे तपासणाऱ्याने मानावे.

वर्गासाठी तीन उत्तरे

पुढील प्रत्येक उत्तरात एक चिन्ह किंवा चिन्हाचा अर्थ चुकला आहे. आधी सूत्र न वापरता चूक ओळखावी, मग दुरुस्त करावी.

१. वाहनाच्या बाजूच्या बहिर्गोल आरशाचे नाभीय अंतर १५० सें.मी. आहे. ३०० सें.मी. वरच्या वस्तूची प्रतिमा समोर ३०० सें.मी. वर, उलटी व तेवढीच मोठी पडते.

२. १० सें.मी. नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर ६ सें.मी. वर वस्तू ठेवली असता प्रतिमा पलीकडे ३.७५ सें.मी. वर पडते.

३. १२ सें.मी. नाभीय अंतराच्या अंतर्गोल आरशासमोर ३६ सें.मी. वर वस्तू आहे. v = −१८ सें.मी., म्हणून प्रतिमा आभासी आहे.

उत्तरे: (१) असे असते तर चालकाला मागची गाडी उलटी दिसली असती. f धन घ्यावे. प्रतिमा आरशामागे १०० सें.मी. वर, सुलट, एक-तृतीयांश आकाराची. (२) वस्तू नाभीच्या आत आहे, प्रतिमा आभासी व वस्तूपेक्षा दूर हवी. u ऋण घ्यावे; v = −१५ सें.मी., विशालन +२.५. (३) −१८ बरोबर आहे, अर्थ चुकला आहे. आरशाच्या समोर प्रकाश खरोखर पोचतो. प्रतिमा वास्तव व उलटी, निम्म्या आकाराची. नाभीपासून वस्तू २४ आणि प्रतिमा ६ सें.मी.; २४ × ६ = १४४, म्हणजे १२ चा वर्ग.